मालगाडी किती लांब? घड्याळ, वाघिणी आणि एका पोराची वही

माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. फाटक बंद झालं की सगळे वैतागतात, याचा मात्र चेहरा खुलतो. एकदा मालगाडी गेल्यावर त्याने वहीत काहीतरी खरडलं आणि वही माझ्या नाकासमोर धरली.

"मामा, गाडी 392 मीटर होती. मी दोन पद्धतींनी काढलं. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली!"

वही पाहिली. पहिली पद्धत अशी: 40 वाघिणी मोजल्या, एका वाघिणीची लांबी 9.8 मीटर धरली, गुणाकार 392. (तो 'वॅगन' म्हणतो. मला 'वाघीण' हा जुना शब्द आवडतो, म्हणून लेखात तोच.) दुसरी पद्धत अशी: 10 वाघिणी समोरून जायला 12.5 सेकंद लागले. म्हणजे 98 मीटरला 12.5 सेकंद, वेग सेकंदाला 7.84 मीटर. सगळ्या वाघिणी जायला 50 सेकंद लागले. 7.84 गुणिले 50, पुन्हा 392.

गणितात एकही चूक नव्हती, आणि नेमकं तेच खटकलं. घड्याळाने मोजलेली आणि बोटांवर मोजलेली उत्तरं मीटरपर्यंत जुळावीत, असं प्रत्यक्षात होत नाही. त्याला विचारलं, "वाघीण 9.8 ऐवजी 20 मीटरची असती तर?" त्याने पुन्हा मांडलं. पहिल्या पद्धतीने 800, दुसऱ्या पद्धतीनेही 800. थोडा वेळ तो वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे घड्याळाने काही केलंच नाही?"

काहीच नाही. वेग काढताना त्याने वाघिणीचीच लांबी वापरली होती, त्यामुळे दुसरी पद्धत म्हणजे पहिलीच, फक्त वेगळे कपडे घालून आलेली. 50 भागिले 12.5 म्हणजे 4, म्हणजे दहा वाघिणींच्या चौपट, म्हणजे चाळीस वाघिणी. ते तर त्याने आधीच मोजलं होतं. घड्याळाला स्वतःचं काही सांगू द्यायचं असेल, तर वेग गाडीच्या अंगावरच्या मापाने काढून चालत नाही. तो जमिनीवरच्या मापाने काढावा लागतो. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं.

जमिनीवरचं माप

जमिनीवर दोन खुणा हव्यात, अ आणि ब, आणि त्यांच्यातलं अंतर माहीत हवं. गाडीचं तोंड अ पासून ब पर्यंत जायला लागलेला वेळ आणि संपूर्ण गाडी अ समोरून जायला लागलेला वेळ, या दोहोंच्या गुणोत्तरात लांबी लपलेली असते. खुणांमध्ये 100 मीटर असतील, ते अंतर कापायला 10 सेकंद लागले असतील आणि गाडी संपायला 60 सेकंद लागले असतील, तर गाडी 100 मीटरच्या सहापट, म्हणजे 600 मीटर. ताशी किती किलोमीटर वगैरे रूपांतरात शिरायची गरजच नाही.

खुणा कशाच्या घ्यायच्या? विजेच्या तारांचे खांब सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात. पण ते रुळांना लागून असतात, आणि तिथे जाऊन अंतर मोजणं म्हणजे रेल्वेच्या हद्दीत घुसणं. ते करायचं नाही. दोन खांबांमधलं अंतर सगळीकडे सारखं असेल असंही नाही. वळणावर ते कमी ठेवतात. आम्ही रुळांना समांतर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचं कुंपण निवडलं. त्यातले दोन खांब ठरवले आणि ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाला पांढरी चिंधी बांधली. कुंपणाच्या आपल्या बाजूने आरामात मोजता येतं, गाडी येवो न येवो.

मोजणी पावलांनी केली. आधी टेपवर 20 मीटर आखले, भाचा नेहमीच्या चालीने चालला, 33 पावलं झाली. म्हणजे एक पाऊल साधारण 60 सेंटीमीटरचं. दोन चिंध्यांमध्ये एकदा 131 आणि एकदा 133 पावलं भरली. 132 धरलं तर 80 मीटर होतात. मग मी टेप चार वेळा लावून पाहिला, 80 मीटरच आले. पावलं मोजताना एक खोड पोरांना असते: मोजायचं आहे म्हटलं की ती ढांगा टाकायला लागतात. टेपवर ज्या चालीने चालला त्याच चालीने खांबांमध्ये चालायचं, एवढं सांभाळलं की पुरे.

खुणा किती दूर घ्याव्यात, हे मात्र नीट ठरवा. बटण दाबताना हात पाव-अर्धा सेकंद इकडेतिकडे होतो. गाडी सेकंदाला 11 मीटर चालली असेल आणि खुणा 20 मीटरवर असतील, तर सगळा खेळ दोन सेकंदांचा. त्यात पाव सेकंद चुकला तर गाडीच्या लांबीत अष्टमांश फरक पडतो, म्हणजे 650 मीटरच्या गाडीत 80 मीटर. खुणा 100 मीटरवर असल्या तर तोच पाव सेकंद 15-20 मीटरच बिघडवतो. उलट फारच दूर घेतल्या तर मान वळवून तिरपं बघावं लागतं आणि गाडीचं टोक खांबाशी नेमकं कधी आलं ते कळत नाही.

वाघिणीचं माप

हे काम गाडी उभी असताना करायचं. फलाटालगतच्या रुळावर मालगाडी थांबली होती, तेव्हा आम्ही फलाटावरूनच, तिला समांतर चालत माप घेतलं. गाडी उभी आहे म्हणून खाली उतरायचं नाही, दोन वाघिणींमधून तर मुळीच नाही. ती कधी हलेल ते बाहेरून कळत नाही.

भाचा आधीच्या मापावर ठाम होता: 9.8 मीटर. ते चूक नव्हतं, पण ते वाघिणीच्या पेटीचं होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पण पेट्या एकमेकींना चिकटून नसतात. मध्ये कपलर असतो, दोन पोलादी मुठी एकमेकींत अडकवाव्यात तसा, आणि तेवढी मोकळी जागा प्रत्येक जोडापाशी असते. म्हणून माप एका कपलरच्या मध्यापासून पुढच्या कपलरच्या मध्यापर्यंत घ्यायचं. एकच वाघीण मोजू नका, पाच सलग मोजा आणि पाचाने भागा. सुरुवात आणि शेवट टिपताना होणारी चूक मग पाच जणींत वाटली जाते. आमच्या पाच उघड्या, कोळशाच्या वाघिणी 53.5 मीटर भरल्या. म्हणजे एक 10.7 मीटर. भारतीय रेल्वेची बॉक्स-एन नावाची उघडी वाघीण कपलरसकट 10.713 मीटरची असते, म्हणजे माप बरं जमलं होतं. त्याच खेपेला इंजिन 20.5 मीटर आणि गार्डाचा डबा 14 मीटर असं टिपून ठेवलं.

हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं, त्याने वहीत लिहिलं आणि पुढच्या गाडीच्या वेळी पुन्हा 9.8 च वापरलं. सवय लागली की आकडा बोटांतून निघतो. तसं झालं ते बरंच झालं, कारण पुढची गंमत त्यातूनच उभी राहिली.

चार वेळा बटण

कुंपणापासून 20 मीटर मागे एका जागी वीट ठेवली. भाच्याने त्या विटेवरच उभं राहायचं, गाडी संपेपर्यंत हलायचं नाही. हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, लॅपचं बटण अंगठ्याखाली. दाबायचं चार वेळा:

पहिल्यांदा इंजिनाचा पुढचा, आपल्याकडचा कोपरा अ खांबाच्या रेषेत आला की. दुसऱ्यांदा तोच कोपरा ब च्या रेषेत आला की. मग बराच वेळ काही नाही, नुसत्या वाघिणी धडधडत जातात. तिसऱ्यांदा गाडीचा शेवटचा, आपल्याकडचा कोपरा अ शी आला की. चौथ्यांदा तो ब शी आला की.

'आपल्याकडचा कोपरा' हे मी तीनदा बजावलं. गाडी तीनेक मीटर रुंद असते. तिरपं बघताना पलीकडचा कोपरा आणि अलीकडचा कोपरा वेगवेगळ्या क्षणी खांबाच्या रेषेत येतात. अलीकडचा धरला तर चारही वेळा तोच धरायचा.

दुसरी सूचना अंगठ्याची. आला रे आला म्हणत आधीच दाबायचं नाही, आणि दिसल्यावर दचकूनही नाही. प्रत्येक वेळी सारख्याच पद्धतीने दाबलं तर उशीरही सारखाच होतो, आणि वजाबाकीत तो निघून जातो. घात होतो तो एकदा अंदाजाने आधी आणि एकदा दचकून उशिरा दाबलं तर.

बटण दाबणाऱ्याने वाघिणी मोजायच्या नाहीत. दोन्ही कामं बिघडतात. मोजणीसाठी मी शेजारी उभा राहून दुसऱ्या मोबाईलवर अ खांबाचा व्हिडिओ घेतला. मोबाईल स्थिर असला आणि चौकटीत एक खांब असला की घरी बसून निवांत मोजता येतं. दहा वाघिणी झाल्या की थांबवून कागदावर एक रेघ मारायची. किमान दोनदा मोजा. भाच्याच्या पहिल्या मोजणीत 57 आल्या, मग दोनदा 58. पहिल्या वेळी त्याने इंजिनाला लागून असलेली वाघीण इंजिनाचाच भाग समजून सोडली होती.

आकडे जुळेनात

त्या गाडीच्या चार नोंदी अशा आल्या: 0, 9.3, 59.0 आणि 67.5 सेकंद. एक इंजिन, 58 वाघिणी, शेवटी गार्डाचा डबा.

भाच्याने घड्याळाचं गणित आधी केलं. 80 मीटरला 9.3 सेकंद, गाडी संपायला 59. 80 भागिले 9.3, गुणिले 59, उत्तर 508 मीटर. मग मोजणीचं: 58 गुणिले 9.8 म्हणजे 568, इंजिन आणि गार्डाचा डबा मिळून 34.5, एकूण 603 मीटर.

"95 मीटरचा फरक," तो म्हणाला. "मागच्या वेळी तर जुळलं होतं."

मागच्या वेळी जुळणारच होतं, ते आपण पाहिलं. या वेळी दोन साक्षीदार खरोखर वेगळे होते, आणि त्यांच्या जबान्या जुळत नव्हत्या. अशा वेळी सरासरी काढून मोकळं व्हायचा मोह होतो. काढू नका. बटणाच्या चुकीने जास्तीत जास्त 15-20 मीटर जातील, 95 जाणार नाहीत. कुठेतरी दडलेलं कारण आहे, आणि ते शोधायचं. आमच्याकडे तीन निघाली.

पहिलं कारण: खांब कुंपणात, गाडी रुळावर

भाचा विटेवर उभा. त्याच्यापासून 20 मीटरवर कुंपण. गाडी कुंपणात नाही, ती आणखी पलीकडे आहे. त्याच्या डोळ्यातून अ खांबाला स्पर्श करून जाणारी रेघ पुढे गाडीपर्यंत वाढवा, ब खांबाचीही तशीच. डोळ्यापासून या दोन रेघा पंख्यासारख्या फाकत जातात. कुंपणाशी त्यांच्यात 80 मीटर अंतर असलं, तरी गाडीपाशी ते जास्त असणार.

किती जास्त, ते सरूप त्रिकोणांनी काढता येतं, पण अकरा वर्षांच्या पोराला मी दोरी आणि दोन पेन्सिली घेऊन दाखवलं. टेबलावर दोरीची दोन टोकं फाकवून धरली, 20 सेंटीमीटरवर दोन पेन्सिली उभ्या केल्या, आणि 25 सेंटीमीटरवर दोऱ्यांमधलं अंतर मोजायला लावलं. जेवढ्या पटीने दूर, तेवढ्या पटीने रुंद.

गाडी कुंपणापासून किती दूर हे कळायला रुळांकडे जावं लागत नाही. जवळच्या फाटकावर, ते उघडं असताना, इतर माणसं रस्ता ओलांडतात तसा ओलांडताना पावलं मोजली आणि ऑनलाइन नकाशावरच्या अंतर मोजायच्या सोयीने पडताळून पाहिलं. कुंपणापासून जवळचा रूळ पावणेसहा मीटर. वाघिणीची भिंत रुळाच्या बाहेर साधारण पाऊण मीटर येते, म्हणून कुंपण ते गाडी 5 मीटर. म्हणजे डोळ्यापासून कुंपण 20, गाडी 25. पट सव्वा. चिंध्यांमध्ये 80 मीटर होते, पण गाडीच्या तोंडाने 9.3 सेकंदांत 100 मीटर कापले होते.

508 एका फटक्यात 634 झाले.

यातली खोच अशी की दुसऱ्या रुळावरून गाडी गेली तर हा पट बदलतो. दुहेरी मार्गावर पलीकडचा रूळ चार-पाच मीटर लांब असतो. 5 मीटर धरले तर डोळ्यापासून गाडी 30 मीटर होते, पट दीड होतो आणि तेच 80 मीटर 120 होतात. कोणत्या रुळावरची गाडी, हे वहीत लिहिलं नाही तर नंतर कळायला मार्ग नाही. पट कमी जाचक करायचा असेल तर वीट मागे सरकवा. कुंपणापासून 60 मीटर मागे गेलात तर पट 65 भागिले 60, म्हणजे जेमतेम 8 टक्क्यांची दुरुस्ती, आणि रुळाच्या अंतरात अर्धा मीटर चुकला तरी फारसं बिघडत नाही. आम्हाला मागे शेत होतं, म्हणून 20 वरच थांबलो.

दुसरं कारण: गाडी वेग घेत होती

भाच्याने चार वेळा बटण दाबलं, पण हिशोबात तीनच नोंदी घेतल्या. चौथी तशीच पडून होती. तीच बोलकी निघाली. इंजिनाला अ पासून ब पर्यंत 9.3 सेकंद लागले. शेपटाला 67.5 वजा 59.0, म्हणजे 8.5. तेच अंतर, तीच गाडी, पण शेवटी ती जास्त वेगाने जात होती. कदाचित मागच्या सिग्नलवरून नुकतीच सुटली असेल. जड मालगाडी वेग घ्यायला मिनिटं लावते, आणि आपण तिला त्याच मिनिटांत पकडलेलं असतं.

सुरुवातीचाच वेग पूर्ण गाडीला लावला तर लांबी कमी भरते. गाडी थांबायला आलेली असेल तर उलट, जास्त भरते. उपाय सोपा आहे. दोन्ही वेग काढून त्यांची सरासरी घ्यायची: 100 भागिले 9.3 म्हणजे 10.75, आणि 100 भागिले 8.5 म्हणजे 11.76, सरासरी 11.26 मीटर दर सेकंदाला. गाडी जायला लागलेला वेळही दोन्ही खांबांवरून घ्यायचा. अ समोरून 59.0 सेकंद, ब समोरून 67.5 वजा 9.3, म्हणजे 58.2. सरासरी 58.6. गुणाकार 660 मीटर.

ही युक्ती वेग एकसारखा वाढत किंवा घटत असेल तरच चालते. गाडी मध्येच मंदावून पुन्हा वेग घेत असेल, तर पहिला आणि शेवटचा वेग सारखे दिसतील आणि चोर मधल्या काळात निसटेल. अशी गाडी व्हिडिओत ओळखता येते: दर दहा वाघिणींना किती सेकंद लागले ते ओळीने लिहा. आकडे हळूहळू एकाच दिशेने सरकत असतील तर ठीक. कमी होऊन पुन्हा वाढत असतील, किंवा त्याच्या उलट, तर ती गाडी सोडून द्या. (वाघिणीची लांबी इथेही येत नाही, नुसत्या सेकंदांची तुलना आहे, म्हणून पहिल्या दिवशीच्या चक्रात आपण पुन्हा अडकत नाही.)

तिसरं कारण: कपलर

घड्याळ 660 म्हणत होतं, मोजणी 603. आता भाच्याने वहीची मागची पानं उलटली. 53.5 भागिले 5 हे त्याच्याच अक्षरात होतं. कपाळावर हात मारून त्याने 9.8 खोडलं. 58 गुणिले 10.7 म्हणजे 620.6, अधिक 34.5, एकूण 655. दर जोडापाशी सुटलेला दोनेक हात मोकळा भाग 58 वेळा मिळून 52 मीटर खाऊन बसला होता.

660 आणि 655. मी त्याला विचारलं, आता खरं कोणतं?

घड्याळाच्या उत्तरात बटणाची चूक दीड-दोन टक्के आहे. रुळाच्या अंतरात अर्धा मीटर इकडेतिकडे झाला असेल तर आणखी दोन टक्के. मिळून 20 मीटर मागेपुढे धरायला हरकत नाही. मोजणीच्या उत्तरात वाघिणीचं माप 10 सेंटीमीटरने चुकलं असेल तर 58 वेळा मिळून 6 मीटर. म्हणून वाघिणी एकाच जातीच्या असतील तर मोजणी जास्त भरवशाची, आणि घड्याळ तिच्यावरचा पहारेकरी. वहीत त्याने लिहिलं: 'मोजून 655, 6 इकडेतिकडे. घड्याळाने 660, 20 इकडेतिकडे.' 659.8 असं लिहायला तो निघाला होता. दशांश चिन्हापुढचा तो 8 काढून मी 660 करायला लावलं, कारण तो अंक आमच्या अंगठ्याने दिलेला नव्हता, कॅल्क्युलेटरने दिलेला होता.

मिश्र गाडी असली की पारडं फिरतं. टाक्या, बंद वाघिणी, कंटेनरच्या सपाट वाघिणी, प्रत्येकीची लांबी वेगळी. त्यांतल्या एखाद-दोन जातींचंच माप तुमच्याकडे असेल तर मोजणी अंदाजावर येते. घड्याळाला मात्र समोरून काय जातंय याच्याशी देणंघेणं नाही. आणि गाडी समोर येऊन पूर्णपणे थांबली तर घड्याळ कामातून गेलं, मोजणी तेवढी उरते.

अंधारात

हे सगळं झाल्यावर भाच्याने विचारलं की रात्री काय करायचं. त्याच्या खोलीतून रात्रीच्या गाड्या ऐकू येतात, दिसत नाहीत.

कानांनी मोजता येतं, पण त्यासाठी रुळांचा सांधा ऐकू येण्याइतका जवळ हवा. हल्ली बऱ्याच ठिकाणी रूळ लांबच लांब जोडून टाकलेले असतात, तिथे नुसती घरघर येते. पण सांधेबदलाच्या जागी किंवा सिग्नलसाठी ठेवलेल्या सांध्यावर चाकं अजून ठोका देतात. चार आसांच्या वाघिणीला पुढे दोन आसांची एक बोगी, म्हणजे डबा नव्हे, त्याखालचा चाकांचा सांगाडा, आणि मागे तशीच एक. पहिल्याने वाटतं की प्रत्येक वाघिणीचे दोन 'टक-टक' वेगवेगळे ऐकू येतील. प्रत्यक्षात एका वाघिणीची मागची बोगी आणि पुढच्या वाघिणीची पुढची बोगी कपलरच्या दोन बाजूंना जवळजवळ असतात, म्हणून कानाला येतं ते 'टक-टक-टक-टक', मग थोडी शांतता, मग पुन्हा चार ठोके. मधली शांतता म्हणजे वाघिणीचं पोट.

म्हणजे चार ठोक्यांचा एक झुबका म्हणजे एक जोड, एक वाघीण नव्हे. 58 वाघिणींमध्ये जोड 57. शिवाय इंजिन आणि पहिली वाघीण यांच्यात एक, शेवटची वाघीण आणि गार्डाचा डबा यांच्यात एक, एकूण 59. मोठ्या इंजिनाच्या बोगीला बहुधा तीन आस असतात, म्हणून त्याच्या मागचा झुबका पाच ठोक्यांचा येतो आणि गाडीची सुरुवात कुठे झाली ते कळतं. गार्डाचा डबा चार चाकांचा असेल तर त्याचे सगळे मिळून दोनच ठोके. एकूण झुबक्यांतून एक वजा केला की वाघिणी, पण गाडीला गार्डाचा डबा नसेल तर झुबके आणि वाघिणी सारख्याच.

पहिल्या रात्री त्याने 40 पर्यंत मोजलं आणि झोप लागली. सकाळी वहीत अर्धवट रेघा होत्या, आणि खाली पेन्सिलीने: 'पुढचं मामा मोजेल.'